उतारवयांतील रुक्ष त्वचा व थंडींतील कंड

रत्नागिरीस थंडी ती कसली, असें घाटावरून आलेले पाहुणे थट्टेनें म्हणतात; आणि नुसत्या उष्णतामापकाकडे पाहिलें तर त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पौषांतल्या पहांटेही येथील पारा बहुधा १८-१९ अंशांच्या आसपास थबकतो आणि दुपारीं तर ऊन पुन्हां भाजूं लागतें. तथापि खोबरेलाची बाटली सकाळीं गोठलेली दिसूं लागली, कीं त्याच सुमारास घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा एक त्रास डोकें वर काढतो. रात्रीं अंथरुणावर पाठ टेकली कीं नडग्यांस खाज सुटते, मग कमरेच्या दोन्ही बाजूंस, मग हातांस. पहांटेपर्यंत झोंप नाहीं, आणि सकाळीं चादर झटकावी तर तिच्यावरून पांढरा कोंडा उडतो. घरांत कोणी म्हणतो रक्त बिघडलें, कोणी म्हणतो उष्णता वाढली, आणि वांगें व आंबट ह्यांवर बंदी येऊन कडुनिंबाचा रस सुरू होतो. वस्तुतः बिघडलेलें असतें तें बहुधा रक्त नव्हे, तर त्वचेच्या अगदीं वरच्या पापुद्र्यांतील पाण्याचें प्रमाण.

हें पाणी जातें कोठें, तें आधीं पाहूं. पावसाळ्याचे चार महिने समुद्रावरून येणारा वारा कोंकणपट्टीस इतका ओला ठेवतो, कीं वाळत घातलेलें धोतरही दोन-दोन दिवस वाळत नाहीं. कार्तिकानंतर हा वारा फिरतो. रात्रीं व पहांटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, ज्यास आमचे खलाशी मतलई म्हणतात, तो सह्याद्रीकडची कोरडी हवा किनाऱ्यापर्यंत आणून पोंचवितो. त्वचेस बाधते ती ही कोरडी हवा. केवळ गारठा नव्हे. म्हणूनच संक्रांतीस पुण्याला मुलाकडे राहावयास गेलेले आजोबा आठ दिवसांतच अंग खाजवीत परत येतात. कारण तेथील हवा येथल्याहूनही कोरडी असते.

त्वचेचा वरचा पापुद्रा एखाद्या दगडी गडग्यापेक्षां चुन्यांत बांधलेल्या विटांच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे चपट्या झालेल्या मृत पेशी, आणि चुना म्हणजे त्यांच्यामध्यें भरलेला स्निग्ध पदार्थ. हा पदार्थ शरीर स्वतःच बनवितें. त्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्लें अशीं तीन प्रकारचीं द्रव्यें असतात. सबंध भिंतीची जाडी केसाच्या जाडीहूनही कमी, परंतु शरीरांतलें पाणी हवेंत उडून जाऊं न देण्याचें काम तीच करते. साठी उलटली कीं हा चुना बनण्याचा वेग मंदावतो आणि तैलग्रंथीही आळसावतात. नडगीवर ह्या ग्रंथी मूळच्याच थोड्या, म्हणून भेग पहिल्यानें तेथें पडते. पापुद्र्यांतलें पाणी कमी झालें कीं त्याची लवचिकता जाते, तो उलतो, आणि खालच्या मज्जातंतूंस बाहेरचा स्पर्श टोंचूं लागतो. ह्या टोंचण्यालाच आपण कंड म्हणतों. खाजविलें म्हणजे घटकाभर बरें वाटतें खरें, पण नखांनीं तोच चुना आणखी उकरला जातो. आयुर्वेदानें वार्धक्य हा वाताचा काल व रुक्षता हा वाताचा गुण मानला, आणि हेमंत ऋतूंत अभ्यंग सांगितला, त्यामागचें निरीक्षण किती अचूक होतें हें येथें लक्षांत येतें. नुसतें पाणी अधिक पिऊन मात्र ही भेग बुजत नाहीं.

आपल्या घरांतील कंड ह्याच जातीचा आहे कीं दुसरा कांहीं, हें ओळखणें फारसें कठीण नाहीं. दिवसाच्या उजेडांत नडगी पाहावी. त्वचा निस्तेज व खरखरीत असेल, नखानें हळूच रेघ ओढली असतां ती पांढरी उमटत असेल, आणि काखा, जांघा व चेहरा ह्या जागा बहुतांशीं स्वच्छ असतील, तर ही रुक्षताच समजावी. ती वाढली कीं तळें आटल्यावर चिखलास पडतात तशा बारीक, एकमेकींस मिळालेल्या तांबूस भेगा दिसूं लागतात. येथपर्यंत घरचा उपाय चालतो. लाली पसरली, लस येऊं लागली किंवा पाय सुजून ऊन लागूं लागला, म्हणजे वैद्यकीय उपचार पाहिजे. उलटपक्षीं, त्वचा मऊ असून खाज मात्र सर्वांगास येत असेल, किंवा बोटांच्या बेचक्यांत पुरळ असून घरांतील दुसरीं माणसेंही रात्रीं खाजवीत असतील, तर तो प्रकार निराळा. बेचक्यांतली खाज ही बहुधा खरूज असते. तिच्यावर तेलें चोळीत बसणें म्हणजे ती सबंध घरांत वांटीत बसणें होय.

आतां उपायाकडे वळूं. प्रथम स्नान. बंबांतल्या कढत पाण्याचा सोस म्हाताऱ्या माणसांस असतो, आणि कढत पाण्यानें खाज क्षणभर थांबतेही. परंतु तें पाणी त्या चुन्यांतील स्नेह विरघळवून नेतें. कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आंतलें स्नान, आणि साबण फक्त काखा, जांघा व पावलें ह्यांपुरता, एवढें पुरे. त्वचा स्वभावतः किंचित् आम्ल असते आणि नेहमींचा वडीचा साबण चांगलाच अल्कधर्मी असतो. त्यानें रोज नडग्या घासण्याचें कांहींच कारण नाहीं. डाळीचें पीठ किंवा उटणें साबणाहून सौम्य म्हणून पुष्कळ ठिकाणीं वापरतात, पण तेंही घासूनच लावलें जातें व घासण्यानेंच भेगा वाढतात. सोंवळ्यासाठीं दिवसांतून दोनदां स्नान करणाऱ्यांनीं दुसऱ्या वेळीं नुसतें पाणी अंगावर घ्यावें.

स्नानानंतर अंग पंचानें टिपावें, रगडूं नये. आणि त्वचा अजून ओलसर असतांनाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आंत, तिच्यावर स्निग्ध लेप द्यावा. सगळ्या लेखांतील कळीची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे आधीं तेल व मग स्नान अशी रीत आहे. अभ्यंगाचें सुख व मर्दनाचा लाभ ह्यांविषयीं वाद नाहीं, परंतु आधीं लावलेलें तेल मागाहून साबणानें किंवा शिकेकाईनें निघून जातें, आणि शेवटीं त्वचा उघडीच राहते. रुक्षतेच्या दृष्टीनें क्रम उलटा हवा. पाणी आधीं, झांकण मागून. कोरड्या नडगीवर दुपारीं तेल चोळलें तर ती चकाकते, मऊही वाटते, पण आंत कोंडून ठेवावयास पाणीच नसल्यानें संध्याकाळीं पुन्हां ये रे माझ्या मागल्या.

हा लेप कोणता निवडावा? बाजारांत ज्यास मॉइश्चरायझर म्हणतात त्याच्या डब्यांनीं हल्लीं औषधांच्या दुकानांतील एक भिंत भरलेली असते, आणि सुवासाकडे व चित्राकडे पाहून डबी उचलली जाते. खरें पाहतां त्या सर्वांत मिळून कामें तीनच. कांहीं द्रव्यें पाणी ओढून धरतात. ग्लिसरिन, युरिया व लॅक्टिक अॅसिड हीं त्यांतलीं. कांहीं पापुद्र्याच्या फटींत शिरून तो गुळगुळीत करतात. खोबरेल व इतर वनस्पतिज तेलें हें काम करतात. आणि कांहीं वरून झांकण घालतात. ह्या तिसऱ्या कामांत अजूनही सर्वांत सरस ठरतें तें, रॉबर्ट चीझब्रो ह्या अमेरिकन रसायनतज्ज्ञानें १८७२ सालीं ज्याचें पेटंट घेतलें तें व्हॅसलीन, म्हणजे पेट्रोलियम जेली. तें चिकट असतें, कपड्यांस डाग पाडतें, म्हणून मंडळी नाकें मुरडतात. पण स्वस्त, बिनवासाचें आणि क्वचितच कोणास न सोसणारें असें दुसरें झांकण मिळणें कठीण.

लोशन, क्रीम आणि मलम हा भेदही ह्याच हिशेबानें समजून घ्यावा. लोशनांत पाणी सर्वांत अधिक. तें चटकन् पसरतें व चटकन् उडूनही जातें, म्हणून उन्हाळ्यांत किंवा केंसाळ जागीं ठीक. क्रीमांत स्नेह अधिक. मलमांत पाणी जवळ जवळ नसतेंच. वृद्धांच्या थंडींतल्या नडग्यांस दाट क्रीम किंवा मलम पाहिजे, लोशन पुरत नाहीं. डबीवरील घटकांची यादी साधारणपणें प्रमाणाच्या उतरत्या क्रमानें असते. पहिल्या पांच-सहा नांवांत ग्लिसरिन आणि पेट्रोलेटम हीं दोन्ही आढळलीं तर ती डबी घ्यावी. सेरामाइड असल्यास उत्तम, पण त्याकरितां चौपट दाम मोजण्याची गरज नाहीं. सुगंधी द्रव्य असलेली डबी परत ठेवावी, कारण उललेल्या त्वचेस सुगंधाचीच बाधा होऊन नवी खाज सुटते. युरिया शेंकडा दहा असलेलें क्रीम टांचांच्या जाड कातड्यावर फार चांगलें. खाजवून ओरखडे पडलेल्या जागीं मात्र तें चांगलेंच झोंबतें.

ग्लिसरिन व गुलाबपाणी हें जुन्या घरांतलें मिश्रण वाईट नाहीं. मात्र निवळ ग्लिसरिन लावूं नये. हवा कोरडी असतां तें त्वचेच्या आंतलेंच पाणी वर ओढतें. एक भाग ग्लिसरिनास तीन भाग पाणी किंवा गुलाबपाणी घ्यावें, दोन दिवसांपुरतेंच करावें, आणि तें लावल्यावर वरून कांहींतरी स्निग्ध झांकण घालावें. त्यांत लिंबू पिळण्याची जी चाल आहे ती सोडून द्यावी, लिंबानें भेगा चुरचुरतात.

आतां आपल्या कोंकणच्या वस्तूंविषयीं. खोबरेलाची परीक्षा फिलिपाइन्समध्यें झालेली आहे. कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांपैकीं कांहींस खोबरेल व कांहींस खनिज तेल दिवसांतून दोनदां पायांस लावावयास दिलें होतें. दोन आठवड्यांनीं दोन्हीं सारखींच गुणकारी व निर्धोक ठरलीं, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां मध्यम रुक्षतेस घरचें खोबरेल, ओल्या अंगावर लावलें असतां, महागड्या बाटलीस हार जाणारें नाहीं. ऑलिव्ह तेलाची मात्र हल्लींची प्रतिष्ठा ह्या कामीं अनाठायीं आहे. तें वारंवार लावल्यानें पापुद्र्याची बळकटी कमी होते असें दिसून आलें आहे. राईचें तेल तर कित्येकांस झोंबतेंच.

खोबरेलाहून अधिक कौतुक वाटतें तें कोकंबेलाचें. कोणी त्यास भिरंडेल म्हणतात, कोणी मुठेल. आमसुलांसाठीं सालें काढून घेतल्यावर उरलेल्या बिया वाळवाव्या, फोडून आंतला गर कुटावा, तो पाण्यांत उकळावा, आणि वर तरंगणारा स्नेह काढून थिजतांना मुठींत दाबून त्याचे गोळे करावे, अशी त्याची जुनी कृति. हा गोळा वैशाखांतही वितळत नाहीं, कारण त्यास पातळ व्हावयास ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यांतील बराच मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा असतो, त्याचा हा गुण. म्हणूनच तें टांचेच्या भेगेंत भरलें कीं खोबरेलासारखें ओघळून न जातां तेथें टिकून राहतें. पण ह्याच कठीणपणामुळें तें सबंध नडगीवर पसरत नाहीं. त्याला सोपी युक्ति अशी, कीं एक भाग कोकंबेल व तीन भाग खोबरेल वाटींत घालून ती वाटी गरम पाण्यांत ठेवावी. विरघळलें कीं ढवळून रुंद तोंडाच्या कोरड्या बरणींत थिजूं द्यावें. थंडीच्या दिवसांत हें मलम लोण्यासारखें राहतें. खंवट वास येणारा गोळा घेऊं नये. आणि हें पाणी ओढणारें द्रव्य नव्हे, केवळ मृदु करणारें व झांकणारें आहे, हें विसरून कोरड्या अंगावर लावलें, तर कोकमास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

कोकंबेलासंबंधानें एक धोका मात्र मोठा आहे. पळींत तें कडकडीत तापवून टांचेच्या भेगेंत थेंब थेंब सोडण्याची चाल खेड्यांतून अजून दिसते. मधुमेह जुना असलेल्या माणसाच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते. चटका बसला तरी त्यास कळत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं फोड दिसतो, त्याची पुढें जखम होते. अशा माणसाचें स्नानाचें पाणीदेखील दुसऱ्यानें कोंपरानें पाहून द्यावें. कोकंबेल वाटींतच पातळ करावें, कोमट झाल्यावर लावावें. टांचा वजरीनें रक्त येईपर्यंत घासूं नयेत, आणि बोटांच्या बेचक्यांत स्निग्ध कांहींच भरूं नये. तेथें ओल साचून बुरशी धरते.

चांगला लेप घेऊनही गुण येत नाहीं अशी तक्रार असते, तेव्हां दोष बहुधा प्रमाणाचा असतो. एक उदाहरण कल्पूं. खालच्या आळींतील ७६ वर्षांच्या काकू. मधुमेह नाहीं, दोन्ही पाय व हात उललेले. मुलानें ५० ग्रॅमची क्रीमची नळी आणून दिली, ती त्यांनीं जपून दीड महिना पुरविली. म्हणजे दिवसास एक ग्रॅमाहून थोडें अधिक पडलें. आतां गरज किती, तें मोजूं. तर्जनीच्या टोंकापासून पहिल्या पेरापर्यंत नळींतून पिळलेली रेघ सुमारें अर्धा ग्रॅम भरते. मांडीपासून घोट्यापर्यंत एका पायास अशा सहा रेघा व पावलास दोन, म्हणजे दोन्ही पायांस सोळा. एका हातास तीन व पंजास एक, म्हणजे दोन्ही हातांस आठ. एकूण चोवीस रेघा, म्हणजे १२ ग्रॅम, किंवा चहाचे सुमारें अडीच चमचे. सकाळीं स्नानानंतर इतकें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं पायांपुरतें ८ ग्रॅम, मिळून दिवसाचे २० ग्रॅम झाले. त्या हिशेबानें काकूंची नळी अडीच दिवसांत संपावयास हवी होती! पहिल्या पंधरवड्यास ३०० ग्रॅम लागतील, पुढें त्वचा सुधारल्यावर दिवसांतून एकदां लावल्यास आठवड्यास ८४ ग्रॅम. तेव्हां ह्या काकूंस लहान सुरेख नळी उपयोगाची नाहीं. सकाळच्या वेळीं बिनसुवासाच्या साध्या क्रीमचा मोठा डबा, आणि रात्रीं नडग्या ओल्या पंचानें पुसून त्यावर वरील कोकम-खोबऱ्याचें मलम, ही व्यवस्था खर्चासही झेपेल. लेप केंसांच्या दिशेनें, वरून खालीं पसरावा. उलट चोळल्यास केंसांच्या मुळाशीं फोड येतात. सुती पायमोजे घातले तर अंथरूणही खराब होत नाहीं. लोकरी पायमोजा मात्र कातडीस लागूं देऊं नये, लोकरीनें खाज चाळवते.

ह्या क्रमानें दोन आठवड्यांत झोंप लागूं लागली पाहिजे. न लागली, तर अधिक महाग डबी शोधण्यापेक्षां डॉक्टरांकडे जावें. कारण मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड ह्यांचे विकार, रक्तांतील लोहाची उणीव, किंवा चालू असलेलें एखादें औषध ह्यांमुळेंही म्हातारपणीं कंड सुटतो, आणि त्याचा शोध रक्त तपासूनच लागतो. तोंवर दुकानदारानें परस्पर दिलेलें, स्टेरॉइड, जंतुघ्न व बुरशीनाशक एकत्र असलेलें मलम लावूं नये. त्यानें चार दिवस खाज थांबते, पण कातडें पातळ होतें आणि नायटा असल्यास तो लपून पसरतो. खाजेवरील गुंगीच्या गोळ्याही वृद्धांस परस्पर देऊं नयेत. रात्रीं उठतांना तोल जातो, कोणास लघवी अडते, कोणास भ्रम होतो.

तेल-मलम लावलेल्या माणसानें मोरींत जातांना पायांखालीं खरबरीत पट्टी किंवा गोणपाट असावें, कारण तेलकट तळवा ओल्या फरशीवर टिकत नाहीं. दुसरी गोष्ट शेकोटीची. व्हॅसलीन व तत्सम स्नेह झिरपलेलें लुगडें, पंचा किंवा पांघरूण साध्या कापडापेक्षां फार लवकर पेट घेतें, आणि एका धुण्यानें तो स्नेह पुरता निघतही नाहीं. नडग्यांस मलम लावून आजोबा पहांटे बंबाच्या विस्तवाशीं शेकत बसतात, त्यांस तेथून उठवून आंतल्या ओटीवर बसवावें आणि अंगावर कोरडी घोंगडी द्यावी.